अनइन्स्टॉल करण्याआधी: ई-पुस्तकातले हायलाइट आणि बुकमार्क सांभाळून नव्या फोनवर कसे न्यायचे

डिचोलीचे आमचे एक काका दरवर्षी देवळाच्या उत्सवातलं नाटक बसवतात. संहिता टाइप करून तिची ईपब फाइल केलेली आणि ती फोनवरच्या एका वाचन-ॲपमध्ये. पिवळ्या रंगात कापायची वाक्यं, निळ्यात प्रकाशयोजना, गुलाबीत प्रवेश आणि एक्झिट, हिरव्यात पार्श्वसंगीत. एका संहितेत असे ३८६ हायलाइट. उत्सवाला तीन आठवडे असताना ॲपचा अपडेट आला आणि सकाळी संहिता कोरी. काकांचा फोन आला, "अरे, सगळं गेलं रे. आता ॲप काढून परत घालतो."

"काका, काढू नका. ॲपला हातसुद्धा लावू नका. मी येतो."

ते थांबले म्हणून नाटक वाचलं. बहुतेक जण थांबत नाहीत. माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींत खुणा अपडेटने घालवलेल्या क्वचितच असतात. अपडेटने त्या लपवलेल्या असतात आणि त्यानंतर घाबरून केलेल्या अनइन्स्टॉलने पुसलेल्या असतात. म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. पायऱ्या सोप्या आहेत, फक्त उलटसुलट करू नका. उदाहरणं अँड्रॉइड फोनची आहेत.

## आधी एक गोष्ट समजून घ्या: हायलाइट पुस्तकात नसतो

कागदी पुस्तकात पेन्सिलीची रेघ पानावरच राहते. ई-पुस्तकात बहुधा तसं होत नाही. पुस्तकाची फाइल जशी होती तशीच राहते आणि ॲप आपल्या वहीत फक्त एक पत्ता लिहून ठेवतं. ईपबसाठी हा पत्ता लिहिण्याची एक प्रमाणित पद्धत आहे. ती अशी दिसते:

```
epubcfi(/6/14!/4/22,/1:0,/1:57)
```

वाचायला अवघड वाटतं, पण अर्थ साधा आहे. इथे मोजणी दोन-दोनच्या पटीत चालते. म्हणून १४ म्हणजे पुस्तकाच्या क्रमातली सातवी फाइल (साधारणपणे सातवं प्रकरण), २२ म्हणजे तिच्यातला अकरावा परिच्छेद आणि शेवटचे आकडे म्हणजे शून्याव्या अक्षरापासून सत्तावन्नाव्यापर्यंत. सगळी ॲप्स नेमकी हीच पद्धत वापरत नाहीत, पण कल्पना तीच असते.

यातून दोन धोके निघतात. पहिला, ही वही ॲपच्या खासगी जागेत असते आणि ॲप काढलं की अँड्रॉइड ती जागा साफ करतं. पुस्तकाची फाइल `Download` मध्ये सुखरूप राहते, पण तिच्यावरच्या खुणा जातात. दुसरा, पुस्तकाची फाइल बदलली की पत्ते चुकतात. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या संगणकीय प्रोग्राममधून रूपांतर करताना सुरुवातीला एक मुखपृष्ठाचं पान वाढलं, तर सातवी फाइल आठवी होते आणि तुमची निळी खूण भलत्याच प्रवेशावर जाऊन बसते.

शिवाय वहीत पुस्तकाची ओळख कशी लिहिली आहे, हेही पाहावं लागतं. काही ॲप्स फाइलच्या नावावरून आणि जागेवरून पुस्तक ओळखतात, काही तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावरून. काकांचं ॲप पहिल्या प्रकारातलं होतं आणि घोळ तिथेच झाला होता.

## टप्पा १: खुणा दिसत नसतील तर आधी हे करा

१. फोनचं इंटरनेट बंद करा. एअरप्लेन मोड लावला तरी चालेल. सिंक चालू असेल, तर रिकामी झालेली वही सर्व्हरवर जाऊन तिथली भरलेली वही रिकामी होण्याची शक्यता असते. दुसरा एखादा जुना फोन किंवा टॅब कपाटात पडलेला असेल आणि त्यात खुणा असतील, तर त्याचंही इंटरनेट *ॲप उघडण्याआधी* बंद करा.

२. अनइन्स्टॉल करू नका. `Clear data` किंवा `Clear storage` दाबू नका. `Clear cache` ही वेगळी गोष्ट आहे. त्याने तात्पुरत्या फाइलीच जातात. पण ही बटणं शेजारी-शेजारी असतात आणि घाईत बोट दुसऱ्यावर पडतं, म्हणून या क्षणी त्या स्क्रीनवर जायचंच नाही.

३. लॉगिन तपासा. ॲपमध्ये कोणता ईमेल आहे? घरात एकच टॅब तिघे वापरत असतील तर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मुलीने आपल्या खात्यातून लॉगिन केलेलं असतं आणि आई आपले हायलाइट शोधत बसलेली असते.

४. फाइल जुन्या जागी आहे का, ते पाहा. काकांना अपडेटनंतर ॲपने पुस्तकांचा फोल्डर पुन्हा निवडायला सांगितला होता. अँड्रॉइड ११ पासून ॲप्सना फोनच्या सगळ्या फोल्डरांत मोकळेपणी फिरता येत नाही, त्यामुळे अशी परवानगी मागणारे अपडेट बऱ्याच वाचन-ॲप्समध्ये येऊन गेले. काकांनी व्यवस्थितपणा म्हणून `Books` नावाचा फोल्डर केला, संहिता `Download/natak` मधून तिथे हलवली आणि तो निवडला. ॲपच्या लेखी हे नवंकोरं पुस्तक होतं. जुन्या वहीत ३८६ खुणा होत्या, पण `Download/natak` मधल्या पुस्तकाच्या नावावर.

आम्ही फाइल परत त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवली, ॲपला तोच फोल्डर दाखवला आणि चारही रंग परत आले. काका काही बोलले नाहीत, आत जाऊन चहा टाकायला सांगून आले.

तपासणी: खुणा परत दिसल्या तरी इंटरनेट लगेच चालू करू नका. टप्पा ३ मधला एक्स्पोर्ट आधी करा. एक्स्पोर्ट होतच नसेल तर खुणांच्या यादीचे स्क्रीनशॉट तरी काढून ठेवा.

## टप्पा २: आपली पुस्तकं कुठून आली, त्यानुसार तीन ढीग करा

"माझं सिंक चालू आहे" हे वाक्य अर्धवट आहे. एकाच ॲपमधल्या दोन पुस्तकांपैकी एकाच्या खुणा सर्व्हरवर जातात आणि दुसऱ्याच्या जात नाहीत, असं सर्रास असतं. म्हणून कागद घ्या आणि पुस्तकं वाटा.

पहिला ढीग: ॲपच्या दुकानातून विकत घेतलेली. किंडल किंवा गूगल प्ले बुक्सवरून घेतलेलं पुस्तक. यांच्या खुणा खात्याला चिकटलेल्या असतात. फोन मांडवीत पडला तरी नव्या फोनवर लॉगिन केलं की परत येतात, अर्थात सिंक चालू असेल तर.

दुसरा ढीग: तुमची फाइल, पण सेवेमार्फत चढवलेली. `Send to Kindle` ने पाठवलेली फाइल किंवा प्ले बुक्सवर अपलोड केलेला ईपब. इथेही सिंक होतो, पण एक्स्पोर्टच्या सोयी कमी मिळतात. किंडलच्या वेबवरच्या नोटबुकात विकत घेतलेल्या पुस्तकांचे हायलाइट दिसतात, स्वतः पाठवलेल्या फाइलींचे दिसत नाहीत. तिथे दिसलं नाही म्हणून हरवलं असं समजू नका आणि दिसत नाही म्हणून बॅकअपची गरज नाही असंही समजू नका.

तिसरा ढीग: फाइल थेट फोनवर किंवा यूएसबीने उपकरणावर टाकलेली. संहिता, मित्राने पाठवलेले दिवाळी अंक, स्कॅन केलेल्या पोथ्या, सगळं यात येतं. यूएसबीने किंडलवर टाकलेल्या पुस्तकाच्या खुणा ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातात असं धरून चालू नका. या ढिगाची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

मराठी वाचकांचा तिसरा ढीग सहसा सर्वांत मोठा असतो, कारण हवी ती पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. म्हणून पुढे मी त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

> सावधान: "फोनचा गूगल बॅकअप आहे ना" यावर तिसरा ढीग सोडू नका. अँड्रॉइडच्या आपोआप बॅकअपमध्ये प्रत्येक ॲपला २५ एमबीची मर्यादा असते. ॲपचा डेटा त्याहून मोठा झाला तर त्याचा बॅकअप घेतला जात नाही, आणि ॲप बनवणारा ही सोय बंदही ठेवू शकतो. हा बॅकअप रात्री, फोन वापरात नसताना, वाय-फायवर होतो. सत्तरीत किंवा काणकोणात मोबाइल डेटावरच दिवस काढणाऱ्याचा बॅकअप कित्येक आठवडे झालेलाच नसतो.

## टप्पा ३: एक्स्पोर्ट, आणि तो उघडून पाहणं

सिंक आणि बॅकअप यांत एक मोठा फरक आहे. सिंक आरशासारखा असतो. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. चुकून पुसलेला हायलाइट दोन मिनिटांत तुमच्या सगळ्या उपकरणांवरून जातो. एक्स्पोर्ट म्हणजे ॲपच्या बाहेर काढलेली प्रत. तिला ॲपचं काही माहीत नसतं, म्हणून ॲपची चूक तिला लागत नाही.

१. विकत घेतलेली किंडल पुस्तकं. संगणकावर `read.amazon.com/notebook` उघडा, खातं भारतातलं असेल तर `read.amazon.in/notebook`. पुस्तक निवडा, हायलाइट दिसतील, कॉपी करून फाइलमध्ये ठेवा. फोनवरच्या किंडल ॲपमध्ये पुस्तक उघडून नोटबुकातून एक्स्पोर्ट केलं तर एचटीएमएल फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक हायलाइटचा रंगही लिहिलेला असतो. प्रकाशकाने कॉपी करण्याची मर्यादा घातलेली असते. सढळ हाताने रंगवलेल्या पुस्तकात ती ओलांडली गेली तर पुढचे हायलाइट कापलेले किंवा रिकामे येतात. तो बिघाड नव्हे. अशा वेळी लोकेशनचे आकडे तरी जपून ठेवा.

२. किंडलचं स्वतंत्र उपकरण. केबलने संगणकाला जोडा, `documents` फोल्डरमध्ये `My Clippings.txt` असते, ती कॉपी करून घ्या. यूएसबीने टाकलेल्या पुस्तकांच्या खुणाही तिच्यात असतात. एक नोंद अशी दिसते:

```
Natak Sanhita (Unknown)
- Your Highlight on Location 412-414 | Added on ...

पडदा उघडतो तेव्हा अंगणात कोणी नाही.
==========
```

या फाइलमध्ये नोंदी फक्त वाढत जातात. तुम्ही पुसलेला हायलाइटही तिच्यात राहतो, म्हणून मोजणी जुळली नाही तर घाबरू नका. रंग मात्र तिच्यात नसतो. काकांसारखं रंगांवर काम असेल तर ही फाइल पुरत नाही. आणि उपकरण फॅक्टरी रीसेट केलं की ही फाइलही जाते.

३. गूगल प्ले बुक्स. सेटिंगमध्ये नोट्स गूगल ड्राइव्हमध्ये साठवण्याची सोय आहे. ती चालू असली की ड्राइव्हमध्ये `Play Books Notes` या फोल्डरात पुस्तकागणिक एक डॉक्युमेंट तयार होतं. सोय चालू करून समाधान मानू नका. ड्राइव्ह उघडा आणि प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाचं डॉक्युमेंट खरंच आलंय का ते पाहा.

४. तिसऱ्या ढिगाची ॲप्स. इथे दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक एकच करतात.

एक म्हणजे *माणसाने वाचायचा एक्स्पोर्ट*: टेक्स्ट, एचटीएमएल किंवा मार्कडाउन. ॲप उद्या बंद पडलं तरी हा उपयोगी पडतो. दुसरा, *ॲपने वाचायचा बॅकअप*: ॲपच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल. नव्या फोनवर खुणा परत पुस्तकात बसवायच्या असतील तर हीच लागते. मून प्लस रीडरमध्ये ती `.mrpro` किंवा मोफत आवृत्तीत `.mrstd` या नावाने तयार होते. टेक्स्ट एक्स्पोर्ट ॲपला परत पाजता येत नाही. एकट्या एक्स्पोर्टवर विसंबून राहिलात तर ३८६ खुणा पुन्हा हाताने रंगवाव्या लागतील.

केओरीडर वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. ते नेहमीच्या मांडणीत खुणा पुस्तकाच्या शेजारीच ठेवतं:

```
Books/
  natak.epub
  natak.sdr/
    metadata.epub.lua
```

दोन्ही एकत्र कॉपी केले की खुणा आल्या. पण फोनच्या फाइल मॅनेजरमधून फक्त `natak.epub` चं नाव बदललं तर `.sdr` फोल्डर मागे राहतो आणि पुस्तक कोरं दिसतं. नाव बदलायचं किंवा फाइल हलवायची असेल तर केओरीडरच्या आतूनच ते करा. आणखी एक, त्याच्या प्रोग्रेस सिंकमध्ये फक्त कुठवर वाचलं ते जातं, हायलाइट जात नाहीत.

बॅकअप फाइल कुठे पडली तेही पाहा. ती `Android/data` खाली गेली असेल तर ॲप काढताच तीही जाईल. ती ड्राइव्हवर, पेनड्राइव्हवर किंवा स्वतःला ईमेल करून ठेवा. फोनच्या बाहेर एक प्रत हवीच. पावसाळ्यात दर वर्षी आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा फोन भिजतो.

### बुकमार्कचं वेगळं प्रकरण

एक्स्पोर्टमध्ये बुकमार्क सहसा मागे राहतात. किंडलच्या वेब नोटबुकात फक्त हायलाइट आणि नोट्स असतात. `My Clippings.txt` मध्ये बुकमार्कची नोंद येते, पण नुसतं लोकेशन, मजकूर नाही. सहा महिन्यांनी "Location 1893" वाचून काही आठवणार नाही. उपाय अगदी गावठी आहे. फोन बदलण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या बुकमार्कच्या पानावरचं पहिलं वाक्य हायलाइट करा आणि त्याला एका शब्दाची नोट जोडा. काकांनी "मध्यंतर" अशी जोडली होती. मग ती खूण प्रत्येक एक्स्पोर्टमध्ये येते.

### देवनागरीची तपासणी

एक्स्पोर्ट केलेली फाइल *उघडून* दोन नोंदी वाचा. इथे तीन प्रकारचे घोळ दिसतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

किंडल उपकरणाने ईमेलवर पाठवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली आणि `à¤¨à¤¾à¤Ÿà¤•` असलं काही दिसलं, तर मजकूर शाबूत आहे, एक्सेलने लिपी चुकीची ओळखली आहे. रिकामी शीट उघडा, `Data` मध्ये `From Text/CSV` निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये `65001: Unicode (UTF-8)` द्या. आणि दिसलं तसंच सेव्ह करू नका, नाहीतर आता शाबूत असलेला मजकूर खरोखर बिघडेल.

पीडीएफमधला हायलाइट `ukVd` सारख्या इंग्रजी अक्षरांत बाहेर आला, तर ती पीडीएफ जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये जुळवलेली आहे. पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक क्रम असतात. एक्स्पोर्ट इथे निरुपयोगी. त्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या किंवा हायलाइटला हाताने मराठी नोट लिहा, कारण नोट युनिकोडमध्येच जाते.

हायलाइटच्या जागी काहीच आलं नाही, तर ती स्कॅन केलेली पानं आहेत, म्हणजे चित्रं. तिथे तुम्ही रंगवलेलं म्हणजे फक्त एक चौकोन. उपाय वरचाच.

## टप्पा ४: सिंक चाललाय का, हे दुसऱ्या जागेवरून पाहा

ॲप "Synced" म्हणतं त्यावर जाऊ नका. एक खोटी खूण करून पाहा.

१. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक हायलाइट करा, नोटमध्ये आजची तारीख लिहा.
२. ॲपमध्ये सिंकचं बटण असेल तर दाबा आणि पाच मिनिटं ॲप उघडं ठेवा. बॅटरी वाचवणारे फोन मागे गेलेल्या ॲपचं इंटरनेट तोडतात.
३. आता *दुसऱ्या* उपकरणावर किंवा ब्राउझरमध्ये ती खूण शोधा. त्याच फोनवर पाहणं म्हणजे आपलीच वही आपण वाचणं.
४. मग तिकडे ती खूण पुसा आणि इकडे जाते का पाहा. दोन्ही दिशांनी चाललं तरच सिंक आहे असं धरा.

प्रत्येक ढिगातल्या किमान एका पुस्तकावर ही परीक्षा घ्या. पहिल्या ढिगाची पास झाली म्हणून तिसऱ्याची होत नाही.

## टप्पा ५: फोन बदलण्याचा दिवस

काकांनी उत्सव झाल्यावर नवा फोन घेतला. त्या दिवसासाठी आम्ही हा क्रम ठरवला होता.

१. जुन्या फोनवर मोजणी. प्रत्येक पुस्तकाचं नाव, हायलाइट किती, बुकमार्क किती. कागदावर. संहिता: ३८६.

२. ताजा एक्स्पोर्ट आणि ताजा बॅकअप. गेल्या महिन्यातला नको. त्यानंतर जुन्या फोनवर नवी खूण करायची नाही.

३. पुस्तकांच्या फाइली जुन्या फोनवरून जशाच्या तशा न्या. इंटरनेटवरून किंवा ग्रुपवरून पुन्हा उतरवू नका. नव्या फोनवर फोल्डरांची नावं तीच ठेवा.

४. तेच ॲप, तीच आवृत्ती. पैसे भरून घेतलेली आणि मोफत ही बऱ्याचदा दोन वेगळी ॲप्स असतात आणि एकमेकांच्या वह्या पाहू शकत नाहीत. नव्या फोनवर जुनी आवृत्ती टाकून नव्या आवृत्तीचा बॅकअप भरायला गेलात तर बहुधा नाकारलं जाईल. उलटं सहसा चालतं.

५. एकही पुस्तक उघडण्याआधी बॅकअप भरा. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. उत्साहाने पुस्तक उघडलं की ॲप त्याची कोरी नोंद तयार करतं आणि मग भरलेल्या बॅकअपशी तिची टक्कर होते.

६. आता सिंक चालू करा. आधी नाही.

७. जुना फोन पंधरा दिवस तसाच ठेवा. रीसेट नाही, एक्स्चेंजमध्ये देणं नाही. दुकानदार म्हणेल "सगळा डेटा आणून देतो". तो फोटो आणि कॉन्टॅक्ट आणून देईल, वाचन-ॲपची वही त्याच्या यादीत नसते.

## टप्पा ६: आकडा जुळला तरी तीन जागी पाहा

काकांच्या नव्या फोनवर आकडा ३८६ आला. आम्ही हातावर टाळी दिली. मग सवयीने पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अंकातला एकेक हायलाइट उघडून पाहिला. पहिला बरोबर, दुसरा बरोबर. तिसऱ्या अंकात निळी खूण "दिवे मंदावतात" वर असायला हवी होती, ती नायिकेच्या स्वगताच्या मधोमध होती.

"काका, ही फाइल कुठून घेतली?"

"व्हॉट्सॲप ग्रुपवरून. तीच तर आहे."

तीच नव्हती. तालमीत तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोन संवाद वाढवले होते आणि लेखनिकाने नवी फाइल त्याच नावाने ग्रुपवर टाकली होती. नाव तेच असल्यामुळे ॲपने वही तिला जोडली, पण त्या अंकातले परिच्छेद दोनने सरकले होते. पत्ते जुने, घरं हललेली. आम्ही बॅकअप आणि जुन्या फोनवरची *मूळ* फाइल पुन्हा टाकली, खुणा जागेवर आल्या. वाढवलेले दोन संवाद काकांनी नोट म्हणून जोडले.

म्हणून आकड्यासोबत हे पाहा: प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकात सुरुवातीची, मधली आणि शेवटची एक खूण, ती बरोबर वाक्यावर आहे का. सगळ्याच सरकल्या असतील तर सुरुवातीला पान वाढलंय, एका ठिकाणापासून पुढे सरकल्या असतील तर तिथे मजकूर बदललाय. दोन्ही वेळा उपाय मूळ फाइल शोधणं हाच.

> सावधान: विकत घेतलेल्या पुस्तकांच्याही सुधारित आवृत्त्या येतात. ॲमेझॉनच्या खात्यात `Manage Your Content and Devices` खाली पुस्तकं आपोआप अपडेट होण्याची सोय असते. भरपूर टिपा असलेलं पुस्तक अभ्यासात असेल तर ती बंद ठेवा आणि एक्स्पोर्ट घेऊन मगच अपडेट स्वीकारा.

वाचन-ॲपच्या अपडेटलाही हाच नियम. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं पान उघडा, वरच्या तीन ठिपक्यांत `Enable auto update` वरची खूण काढा. अपडेट कायमचे टाळायचे नाहीत, ते सुरक्षेसाठीही येतात. फक्त वेळ आपण ठरवायची: बॅकअप, मग अपडेट, मग तीन खुणांची तपासणी. काकांनी तालमी चालू असताना अपडेट बंद ठेवलेत आणि दर रविवारी तालीम संपली की बॅकअप फाइल मला ईमेल करतात. विषयाच्या जागी लिहितात, "हे पण ठेव."